साखर नसलेल्या बिस्किटांचा पुठ्ठा

ते खोकं पहिल्यांदा आमच्या घरी आलं, तेव्हा आधी आला त्याचा वास. लोणी, व्हॅनिला आणि परदेशातून आलेल्या वस्तूंना असतो तो कोरा, थंड, कागदी वास. वहिनीची मावशी मळवलीहून एस.टी.ने आली होती. तिच्या पिशवीत वर मेथीच्या जुड्या होत्या आणि खाली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, ते निळं-पांढरं खोकं. मेथीच्या मुळांची ओली माती त्याच्या एका कोपऱ्याला लागली होती.

मावशी मळवलीला एका बंगल्याची राखण करी. बंगल्याच्या बाई मुंबईच्या. उन्हाळ्यात आणि दिवाळीत येत. त्यांना मधुमेह होता आणि त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. या दोन गोष्टींमुळे तशी खोकी त्यांच्या कपाटात साचत गेली होती. बाईंना ती चव आवडत नसे. जाताना त्या म्हणायच्या, घेऊन जा, इथे मुंग्या लागतील.

"घ्या जावईबापू," मावशी माझ्या दादाला म्हणाली. "साखरंचा कण न्हाई ह्यात. बाईसायेब सोता सांगत व्हत्या. त्यास्नीबी तुमच्यावानीच साखर हाय."

दादाने खोकं हातात घेतलं, फिरवलं आणि माझ्याकडे दिलं. मी शाळेत मराठी शिकवत असे, पण घरात इंग्रजी अक्षरांची जबाबदारी माझीच होती. समोरच्या बाजूला ठळक, निळ्या, गोलसर अक्षरांत लिहिलं होतं: 'शुगरलेस'. त्याखाली सोनेरी कडांच्या बिस्किटांचं चित्र.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "बिनसाखरेची."

दादा हसला. त्या उन्हाळ्यात मी त्याला हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

तो बँकर इंजिनाचा ड्रायव्हर होता. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटत वर लोणावळ्यापर्यंत आणायचं, हे त्याचं काम. पुढच्या इंजिनाचं सगळ्यांना कौतुक. मागच्याचं कुणाला ठाऊकही नसतं, असं तो म्हणे, आणि त्यात तक्रार नसे, एक मिजास असे. बोगद्यांतून बाहेर पडताना अंगावर येणारा उजेड त्याने मला इतक्या वेळा सांगितला होता की तो मीच पाहिला आहे असं मला वाटे. मग त्याच्या लघवीत साखर निघाली. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं: दिवाळीनंतर मुंबईच्या इस्पितळात मोठी तपासणी होईल. तोवर साखर आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर तुम्हाला इंजिनावर ठेवता येणार नाही.

आमच्या घरात त्या दिवसापासून एकच प्रश्न होता. तो कुणी बोलून दाखवत नसे, पण ताटात, भांड्यांच्या आवाजात, दादाच्या बुटांच्या लेसेसमध्येसुद्धा तो असायचा.

पथ्य त्याने मुकाट्याने धरलं. चहात साखरेऐवजी सॅकरिनची गोळी. तिची ती जिभेच्या टोकाला रेंगाळणारी, जस्ताच्या भांड्यासारखी चव. रात्रीच्या दोन भाकरींची एक झाली. लोणावळ्याच्या बाजारातून चालताना चिक्कीच्या कढयांचा वास रस्ताभर पसरलेला असतो, उकळत्या गुळाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा. दादा त्या पट्ट्यातून शर्टाच्या बाहीने नाक पुसल्याचं निमित्त करून जाई. दुकानदार ओळखीचे. "ड्रायव्हरसाहेब, गुळाची आहे, साखर नाही!" असं कुणी दुकानाच्या गादीवरून ओरडलं, तर तो मान हलवून पुढे निघे. गूळही साखरच, एवढं डॉक्टरांनी त्याच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं.

म्हणून त्या खोक्याने घर उजळलं. वहिनीने त्याच संध्याकाळी ते फोडलं. आमच्याकडे बाहेरून आलेली कुठलीही वस्तू वेष्टनात राहत नसे. ती डब्यात गेली म्हणजे घरची झाली. बिस्किटं पितळी डब्यात गेली. खोक्याचा पुठ्ठा होता जाड, गुळगुळीत, परदेशी. तो टाकणं वहिनीला शक्यच नव्हतं. तिने कात्रीने त्याच्या कडा कापल्या, तो उलगडून सपाट केला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, छापील बाजू खाली करून, अंथरला. कोरी पांढरी बाजू वर आली. त्यावर तिने तेलाची बरणी ठेवली.

"वन्सं, बघा कशी शोभून दिसते फळी," ती म्हणाली. आणि खरोखरच दिसत होती.

मावशी महिन्यातून एकदा येई आणि प्रत्येक वेळी एक खोकं आणी. श्रावणात तिने पीच फळांचा मोठा डबाही आणला. त्यावर 'लाइट सिरप' असं छापलेलं होतं. वहिनीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, हलका पाक.

"म्हणजे पचायला हलका," वहिनी म्हणाली. "आजाऱ्याला हलकंच द्यावं."

डबा उघडला तेव्हा सोनेरी फोडी पाकात पोहत होत्या, गालिच्यासारख्या लवदार कडांच्या. दादाने दोन फोडी खाल्ल्या. उरलेला पाक वहिनीने वाटीत ओतून त्याला दिला, कारण अन्नाचं पाणी मोरीत ओतायची रीत तिच्या माहेरीही नव्हती आणि आमच्याकडेही नव्हती. दादाने तो औषधासारखा, एका दमात घेतला आणि ओठ पुसले.

बिस्किटांचंही तसंच. कर्जतच्या फेरीहून परतला की वहिनी चहाबरोबर बशीत बिस्किटं मांडे. नवऱ्यासमोर एक किंवा दोन बिस्किटं ठेवणं म्हणजे त्याला भिकाऱ्यासारखं वागवणं, अशी तिची समजूत. बशी भरलेली असे. तो सात-आठ सहज खाई, आणि मग आनंदाने म्हणे, "जेवणात एक भाकरी कमी केली, तिची भूक आता जाणवत नाही."

दादा आपली लघवी स्वतःच तपासे. मोरीजवळ, सकाळी. डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध काचेच्या नळीत, त्यात लघवीचे थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. तो प्रयोग पाहायला मी थांबत असे. ते निळं औषध मोरपंखाच्या मधल्या ठिपक्यासारखं होतं. उकळताना त्यात रंग जागे होत. साखर नसेल तर निळं निळंच राही. थोडी असेल तर कोवळ्या भातासारखं हिरवं होई. मग हळदीसारखं पिवळं, मग शेंदरी, आणि सगळ्यात शेवटी विटेचा रंग. भादव्यात आमच्या नळीत कोवळा भात दिसत होता. आम्ही खूश होतो. नवरात्राच्या सुमारास हळद आली. कोजागिरी ओलांडली तेव्हा नळीच्या तळाशी शेंदूर साचू लागला होता.

वहिनीने एका सकाळी ती नळी त्याच्या हातातून घेऊन उजेडासमोर धरली. मग तिने हळूच विचारलं, "कर्जतला काय खाता?"

"काही नाही. डबा खातो."

"खरं सांगा."

"अगं, डबा खातो म्हटलं ना."

"मग हे कुठून येतं?" तिचा आवाज उंच झाला नाही, बारीक झाला. "घरात तर साखरेचा कण नाही. चहा बिनसाखरेचा. बिस्किटं बिनसाखरेची, अमेरिकेची. मी काही खपवून घेणार नाही हं. रनिंग रूममध्ये मुक्कामाला असता तेव्हा भजी खाता का? जिलबी? सांगा ना. मी काही मारणार आहे का तुम्हाला?"

"जिलबी!" दादा म्हणाला. "तिथे मिळते तरी का जिलबी? तिथे मिळतो तो पाणचट चहा आणि ढेकूण."

पण वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला देवासमोर नेलं आणि शपथ घ्यायला लावली. दादा कधी देवाची शपथ घेत नसे. त्याने ती घेतली. तरीही नळी शेंदरीच होती. मग वहिनीने बोलणं कमी केलं. ती त्याच्या शर्टाचे खिसे चाचपून मगच तो धुवायला टाके. एकदा खिशात एक रिकामा कागदी पुडा सापडला, त्यात तंबाखूचा चुरा होता. तरी ती त्याचा वास बराच वेळ घेत राहिली. आपली बायको आपल्याला खोटारडा समजते, हे त्याच्या चेहऱ्यावर कायम दिसू लागलं. इंजिन चालवणाऱ्या माणसाचा सगळा जन्म त्याच्या शब्दावर चालतो: सिग्नल पाहिला म्हणजे पाहिला, ब्रेक धरला म्हणजे धरला. घरात त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, आणि त्याच्याजवळ तो खरा सिद्ध करण्याचं काही साधनही नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत मी स्वयंपाकघराची फळी उतरवली. बरणीच्या बुडाचं तेल पुठ्ठ्यात झिरपून त्यावर एक गोल, पारदर्शक डाग पडला होता, आणि त्या डागातून खालच्या बाजूची छापील अक्षरं उलटी, अंधुक दिसत होती. मी पुठ्ठा उलटा केला. खोक्याची समोरची बाजू मी सगळ्यांना वाचून दाखवली होती. कडेची बाजू, जिच्यावर बारीक अक्षरांत एक कोष्टक होतं, ती महिनोन्महिने बरणीखाली पालथी पडली होती.

मी खिडकीपाशी बसून ते वाचलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, एका वाढणीतील पोषण. त्याखाली लहान अक्षरांत: वाढणी म्हणजे दोन बिस्किटं. त्याखाली: कार्बोहायड्रेट, दहा ग्रॅम. मग घटकद्रव्यं: पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, दुसरं सॉर्बिटॉल नावाच्या कशाचं तरी, तिसरं तुपाच्या जातीच्या स्निग्धाचं. आणि अगदी शेवटी, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत, एक वाक्य: हा पदार्थ कमी कॅलरींचा नाही.

साखर हा शब्द त्या संपूर्ण बाजूवर कुठेही नव्हता. खोक्याने खोटं एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं.

पीचचा डबाही वहिनीने जपून ठेवला होता. त्यात ती तुळशीची रोपं लावणार होती. त्याच्या कागदावरही तसंच कोष्टक. वाढणी, अर्धा कप. एका डब्यात अशा साडेतीन वाढण्या. जे आकडे छापले होते ते त्या अर्ध्या कपाचे. आणि घटकद्रव्यांत पीचनंतर पाणी, त्यानंतर साखर. 'लाइट' म्हणजे दाट पाकाच्या मानाने पातळ पाक, एवढंच. साखर नसलेला नव्हे.

मी पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून रेल्वेच्या डॉक्टरांकडे नेला. ते थकलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कोष्टक डोळ्यांजवळ धरलं.

"घटक वजनाप्रमाणे लिहितात," ते म्हणाले. "जास्त असेल ते आधी. म्हणजे हे मुख्यतः पीठ आहे. साखर नाही हे खरं. पण पिठाची पोटात साखरच होते ना? शिवाय हे सॉर्बिटॉल, गोडीसाठी घातलेलं. रक्तात सावकाश उतरतं, पण उतरतं. रोज किती खातात?"

"सात-आठ."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे चाळीस ग्रॅमपर्यंत. ज्वारीची एक बऱ्यापैकी भाकरी. तुमच्या भावाने ताटातली एक भाकरी कमी केली आणि बशीतून ती परत खाल्ली. वर स्निग्ध वेगळं."

"आणि सात-आठ म्हणजे एक वाढणी नव्हे."

"त्यांच्या हिशेबाने चार. आकडा लहान दिसावा म्हणून वाढणीच लहान ठेवतात, बाई. पुढच्या वेळी साखर आहे का ते शोधू नका. कार्बोहायड्रेट किती, आणि तो आकडा किती खाल्ल्याचा, एवढ्या दोनच गोष्टी पाहा."

पुढची वेळ. हा शब्द त्यांनी किती सहज उच्चारला.

घरी आले तेव्हा मावशी आलेली होती. ओट्यावर नवं खोकं होतं, अजून बांधलेलं. दादा कामावरून परतून पायऱ्यांवर बूट काढत होता. मी सगळ्यांसमोर पुठ्ठा उघडला आणि सांगितलं: जितकं डॉक्टरांनी सांगितलं तितकंच, साध्या शब्दांत. वहिनीने बशी हातात धरली होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

मावशीचा चेहरा आधी न समजल्यासारखा झाला, मग समजल्यासारखा. "मंजी म्या जावईबापूस्नी इख चारलं व्हय?"

"नाही गं मावशी," मी म्हणाले. "तू काय करणार. बाईंनी सांगितलं तेच तू सांगितलंस."

"बाईसायेब मातूर खात न्हवत्या." ती खोक्याकडे पाहत म्हणाली. "एक तुकडा मोडायच्या आन् ठिवायच्या. म्या म्हनलं, श्रीमंताचं तोंड, काय आवडायचं. आता कळतंय."

"त्यांनाही माहीत नसेल," दादा म्हणाला. तो उठून आत आला. त्याने पुठ्ठा हातात घेतला, कोष्टकावरून अंगठा फिरवला. इंग्रजी त्याला सिग्नलपुरतं येत होतं. मग तो वहिनीला म्हणाला, "म्हणजे मी कर्जतला काही खात नव्हतो, हे तरी आता मान्य ना?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. तिच्या खांद्यांची हालचाल मला दिसत होती. दादाने तिला जवळ घेतलं नाही; तो तिथेच उभा राहिला, पुठ्ठा हातात, जणू स्टेशनवर कुणाची तरी वाट पाहत आहे. मला वाटलं होतं, सत्य कळलं की दोघांमधला तो थंडपणा वितळेल. तसं झालं नाही. ज्याच्यावर इतके दिवस संशय घेतला त्याने निरपराध ठरणं, हे संशय घेणाऱ्याला कधी कधी सोसत नाही, आणि संशय सोसलेल्यालाही त्या निर्दोषपणाचं काही करता येत नाही.

मावशी चहा न घेता निघाली. खोकं तिने परत पिशवीत घातलं. "पान्यात टाकीन," ती म्हणाली. वलवणच्या धरणात की मळवलीच्या ओढ्यात, ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानंतर ती फारशी आली नाही.

बिस्किटं बंद झाली. फोडी बंद झाल्या. नळी हळद झाली, मग एका सकाळी पुन्हा हिरवी झाली. पण दिवाळी उलटली होती, आणि मुंबईची तारीख आठवड्यावर आली होती. इस्पितळात दादाच्या रक्ताची साखर पाहिली, मग डोळ्यांत औषध घालून आतलं पाहिलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव झालेले आहेत. हे आजचं नाही, महिन्यांचंही नाही, वर्षांचं असेल. बिस्किटांमुळे झालं असेल का, असं वहिनीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, तसं म्हणता येत नाही. ती खाल्ली नसती तरी झालं असतं का, असं मी विचारलं. तेही म्हणता येत नाही.

हे दोन्ही 'म्हणता येत नाही' आम्ही घेऊन आलो. यापेक्षा कुणी दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. दोष असता तर त्याला काही आकार तरी असता.

दादाला इंजिनावरून उतरवलं. इंजिनांच्या शेडमध्ये त्याला टेबल मिळालं, ड्रायव्हरांच्या हजेरीचं. त्याच्याबरोबरचे आणि त्याच्या हाताखाली शिकलेले लोक त्याच्यासमोर येऊन सह्या करत आणि खाली घाटात जात. "साहेब, तुमच्यासारखा हात नाही हो कुणाचा ब्रेकवर," असं कुणी म्हणे. दादा पेन पुढे सरकवी.

मी मात्र तेव्हापासून वाचते. बाजारातल्या कुठल्याही पुड्याची, डब्याची कडेची बाजू आधी पाहते. आमच्या इकडच्या पुड्यांवर तेव्हा काहीच नसे: चित्र, किंमत, वजन, बस. एका दुकानात मला 'मधुमेहींसाठी' अशी पट्टी चिकटवलेली खोबऱ्याची चिक्की दिसली. मी विचारलं, यात काय आहे? दुकानदार म्हणाला, "गूळ, बाई. साखर अजिबात नाही." माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी त्यांना सांगितलं की गूळ म्हणजे साखरच. त्यांनी माझ्याकडे सौम्यपणे पाहिलं, पट्टीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, आणि अर्धा किलो घेतली. छापलेल्या अक्षरावर माणसाचा विश्वास असतो तो माझ्या बोलण्याने हलणारा नव्हता. आमचाही नव्हताच.

पुढच्या पावसाळ्यात दादाला इन्शुलिन सुरू झालं. वहिनी सुई उकळून त्याच्या मांडीत टोचे. तो दुसरीकडे पाहत नसे. ते बोलत, पण कामापुरतं. एके दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "पथ्य पाळता ना?"

दादाने चष्म्याच्या जाड काचांमागून त्यांच्याकडे पाहिलं. "पूर्वी इंजिनासाठी पाळत होतो," तो म्हणाला. "आता कशासाठी पाळू, ते सांगा."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीवरच्या लाद्यांकडे. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आम्ही पुलाच्या जिन्यावरून चढलो, तेव्हा खालून एक गाडी घाट चढून फलाटात शिरत होती. मागे तिला रेटणारं इंजिन होतं. दादा कठड्याला धरून, पायऱ्या चाचपत, तिच्याकडे न पाहता पलीकडे उतरला.